पाथफाइंडर यान आणि अग्रक्रमाचा विपर्यय

१९९७ सालच्या जुलै महिन्याच्या ४ तारखेस मार्स पाथफाइंडर हे अमेरिकन यान, हवेने फुगविलेल्या पिशव्यांच्या वेष्टनात उसळ्या घेत घेत, मंगळावरील आरेस व्हॅलिस नामक प्राचीन जलप्रवाहाच्या पात्रात येऊन स्थिरावले, आणि त्याच्या पोटातून उतरलेल्या सोजर्नर या सहाचाकी गाडीने त्या तांबड्या भूमीवरील खडकांची पाहणी आरंभिली. पासाडेना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत त्या दिवसांत उत्साहाला नुसते उधाण आले होते. परंतु थोडक्याच दिवसांत, यानावरील हवामानयंत्राने मोजमापे घेण्यास प्रारंभ केल्यानंतर फार काळ लोटला नाही तोच, यानाचा संगणक मधूनच आपले चालू काम टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागला. एकदा असे घडले की सारी यंत्रसामग्री आणि सारी आज्ञावली नव्याने मांडली जाई, पृथ्वीवरून त्या दिवसासाठी पाठविलेले हुकूम बरखास्त होत, आणि जमविलेली माहिती जरी हातची जात नसे, तरी त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे लागे. वर्तमानपत्रांनी, संगणकाच्या डोक्यावर एकाच वेळी फार कामे पडली, असे त्याचे कारण छापले. ते सर्वस्वी खोटे नव्हते, पण त्यावरून खरे कारण कोणाच्याही ध्यानात येण्यासारखे नव्हते. कारण कामे पुष्कळ असणे हा संगणकाचा दोष नव्हे, आणि त्या पुष्कळ कामांतून कोणते आधी करावयाचे याचा निवाडा बिनचूक करता यावा म्हणूनच त्या यानावर व्हीएक्सवर्क्स नावाची कार्यप्रणाली बसविलेली होती.

त्या निवाड्याची रीत अशी. यानावर संस्कारक एकच होता, आणि त्याच्याकडून करून घ्यावयाची कामे अनेक होती. प्रत्येक कामाला पूर्वीच एक अग्रक्रम लावून दिलेला असे. वरच्या अग्रक्रमाचे काम सिद्ध झाले की खालच्या अग्रक्रमाचे काम असेल तेथे थांबवून संस्कारक त्याच्या स्वाधीन करावयाचा, ही प्रणालीची अटळ वहिवाट. अशा यंत्रणांना ‘रिअल टाइम’ म्हणतात, आणि त्यांचा खरा कस वेगात नसून वेळ पाळण्यात असतो: उत्तर बरोबर असूनही उशिरा आले, तर ते चुकलेच असे तेथे धरले जाते.

यानाच्या निरनिराळ्या उपकरणांशी संगणकाचे दळणवळण १५५३ या क्रमांकाच्या लष्करी मानकाप्रमाणे बांधलेल्या एका सामाईक तारमार्गावरून, म्हणजे बसवरून, चाले. या मार्गाचे वेळापत्रक सेकंदाला आठ फेऱ्यांचे होते. म्हणजे दर ०.१२५ सेकंदाला उपकरणांशी देवघेवीची एक फेरी पुरी व्हावयाची. तिची व्यवस्था दोन कामांकडे सोपविली होती. त्यांपैकी `bc_sched` हे पुढच्या फेरीत कोणाशी काय देवाणघेवाण व्हावयाची याची तजवीज करी. आणि `bc_dist` हे नुकत्याच संपलेल्या फेरीत आलेली माहिती ज्याची त्याला पोहोचवी. प्रणालीचे स्वतःचे एक काम वगळले तर `bc_sched` चा अग्रक्रम सर्वांत वरचा होता. त्याच्याखाली मंगळावर उतरण्याचे नियंत्रण करणारे काम. आणि तिसरे स्थान `bc_dist` चे. यानाची इतर नित्याची कामे त्यांच्या खाली, आणि छायाचित्रे घेणे, ती आकुंचित करणे, हवामानाची नोंद घेणे अशी शास्त्रीय कामे सर्वांत खाली होती. हवामानाच्या कामाचे नाव एएसआय-मेट असे होते, आणि या कथेत अनर्थाचे निमित्त तेच झाले. दोष मात्र त्याचा नव्हता.

आता एक नियम लक्षात ठेवावा लागेल. `bc_sched` जागे झाले की प्रथम, मागच्या फेरीची वाटणी `bc_dist` ने पुरी केली आहे की नाही, हे पाही. ती पुरी झालेली नसेल तर काहीतरी गंभीर बिघडले आहे असे समजून ते संगणक पुन्हा सुरू करण्याचा हुकूम सोडी. नियम कडक होता, पण अविचारी नव्हता. सेकंदाच्या आठव्या हिश्श्यात एवढ्या वरच्या अग्रक्रमाचे काम पुरे होऊ नये, हे खरोखरच भयसूचक लक्षण होय. मंगळावर नेमका हाच हुकूम सुटत होता. मग प्रश्न उरला तो एवढाच, की जवळजवळ सर्वांच्या शिरावर बसलेल्या `bc_dist` ला थोपवून धरणारे होते तरी कोण?

बहुतेक कामांना `bc_dist` आपली माहिती सामाईक स्मृतीतील दुहेरी कप्प्यांतून देई. एका कप्प्यात लिहिणे चालू असता दुसऱ्यातून वाचता येई, आणि कोणी कोणासाठी थांबण्याचा प्रसंगच येत नसे. अपवाद फक्त हवामानाच्या कामाचा. त्याला माहिती मिळे ती प्रणालीने पुरविलेल्या `pipe()` या निरोपवाहिनीतून, आणि निरोप आला आहे की काय हे ते `select()` या सोयीच्या द्वारे पाही. या सोयीच्या अंतर्भागात, कोण कोण निरोपाची वाट पाहत आहे, याची एक यादी असते. दोघांनी एकाच वेळी त्या यादीत फेरफार करून तिचा विचका करू नये म्हणून तिला एक कुलूप असते, ज्याला या शास्त्रात म्यूटेक्स म्हणतात. ज्याच्या हाती म्यूटेक्स आहे त्यानेच यादीला हात लावावा, बाकीच्यांनी तो सुटेपर्यंत तिष्ठत राहावे. हवामानाचे काम हे कुलूप अत्यंत अल्प काळ, काही मोजक्याच सूचनांपुरते धरी.

त्या अल्प काळातच सारा घोटाळा झाला. हवामानाच्या कामाने कुलूप घेतले. ते सोडण्यापूर्वीच मधल्या अग्रक्रमाची कामे सिद्ध झाली, आणि वहिवाटीप्रमाणे त्यांनी त्याच्याकडून संस्कारक काढून घेतला. इतक्यात बसची फेरी संपून `bc_dist` जागे झाले. मधल्या कामांना बाजूस सारण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता, आणि त्याने तो बजावलाही. परंतु हवामानाची ताजी माहिती वाहिनीत टाकावयास जाताच त्याला ते कुलूप बंद आढळले, आणि ते थांबले. ते थांबताच संस्कारक कोणाकडे जावा? जे सिद्ध आहेत त्यांत जो वरचा, त्याच्याकडे. म्हणजे पुन्हा त्या मधल्या कामांकडे. कुलूप ज्याच्याजवळ होते ते हवामानाचे काम त्यांच्या खाली दडपलेले. त्याला क्षणभर चालू दिले असते तर कुलूप सुटले असते, पण मधली कामे संपेपर्यंत त्याला क्षणही मिळेना. तेवढ्यात फेरीची वेळ भरली, `bc_sched` जागे झाले, वाटणी अपुरी असल्याचे त्याने पाहिले, आणि संगणक पुन्हा आरंभापासून सुरू झाला.

कचेरीत एकच मेज असावे. उमेदवार कारकुनाने त्यावर खतावणी उघडून तिच्या पेटीची किल्ली आपल्या कनवटीला लावावी. अव्वल कारकुनांनी त्याला उठवून आपापली कामे तेथे मांडावीत. आणि तीच खतावणी पाहावयास आलेल्या कलेक्टरसाहेबांना, खतावणीशी काडीमात्र संबंध नसलेल्या त्या अव्वल कारकुनांची कामे उरकेपर्यंत तिष्ठत बसावे लागावे, तसा हा प्रकार होता. कलेक्टराने उमेदवारासाठी काही क्षण थांबणे हे अपरिहार्य आहे, कारण खतावणी अर्धवट सोडता येत नाही. या थांबण्याला सीमा आहे. पण अव्वल कारकुनांसाठी थांबण्याला काहीच सीमा नाही. ते जितके असतील आणि त्यांची कामे जितकी लांबतील, तितका विलंब वाढतच जाणार. अग्रक्रमाचा विपर्यय म्हणून ज्याला म्हणतात त्याचे मर्म या दुसऱ्या, अमर्याद विलंबात आहे, पहिल्या विलंबात नव्हे. आणि पुष्कळ वेळा हा भेद न केल्यामुळेच या विषयाचे विवेचन गढूळ होते.

ही व्याधी मंगळावर प्रथम आढळली असे मात्र नाही. बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल या दोघांनी १९८० साली, झेरॉक्स कंपनीत मेसा नावाच्या संगणकभाषेचा आपल्याला आलेला अनुभव लिहिताना, तिचे नेमके निदान केले होते; आणि प्रत्येक कुलपाला, ते वापरणाऱ्यांपैकी सर्वांत वरच्याचा अग्रक्रम लावून ठेवावा व कुलूप घेणाऱ्याला तेवढ्यापुरता तो द्यावा, असा उपायही सुचविला होता. पुढे पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी हा विषय गणिताच्या पायावर घेतला, आणि १९९० च्या सप्टेंबरात त्यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात ‘अग्रक्रमाचा वारसा’ या उपायाची रीतसर सिद्धता दिली.

वारशाची रीत ऐकावयास अगदी साधी आहे. वरचे काम एखाद्या कुलपापाशी अडले, की ते कुलूप धारण करणाऱ्या खालच्या कामाला, कुलूप सोडीपर्यंत, त्या अडलेल्या कामाचा अग्रक्रम मिळावयाचा. कुलूप सुटताच तो उतरून त्याचा मूळ अग्रक्रम कायम व्हावयाचा. मंगळावरच्या प्रसंगाला हे लावून पाहिले म्हणजे त्याचे सामर्थ्य कळते. `bc_dist` अडताक्षणी हवामानाचे काम त्याच्या बरोबरीला येते. मधली कामे आता त्याच्या खाली पडतात, म्हणून ती त्याला उठवू शकत नाहीत. ते आपल्या उरलेल्या मोजक्या सूचना पुऱ्या करून कुलूप सोडते, पुन्हा तळाला जाते, आणि `bc_dist` पुढे चालू लागते. मधली कामे बुडत नाहीत. त्यांना थोडे थांबावे लागते इतकेच, आणि ते त्यांच्या पायरीला धरूनच आहे.

उपाय असा सात वर्षांपूर्वी छापून झालेला, आणि त्याहून विशेष म्हणजे तो त्या यानावरच्या प्रणालीत अंतर्भूतही होता. व्हीएक्सवर्क्समध्ये म्यूटेक्स निर्माण करताना वारसा हवा की नको हे सांगण्याची मुभा असते:

```c
semMCreate(SEM_Q_PRIORITY | SEM_INVERSION_SAFE);
```

यातील दुसरी खूण म्हणजेच वारशाची मागणी, आणि तिच्यासोबत पहिलीही द्यावी लागते, कारण ताटकळणाऱ्यांची रांग आगमनाच्या क्रमाने न लावता अग्रक्रमाने लावली असेल तरच या प्रणालीत वारसा मागता येतो. मग ती खूण का नव्हती? कारण ते कुलूप पाथफाइंडरच्या लेखकांनी निर्माण केलेलेच नव्हते. ते `select()` च्या पोटात, प्रणाली रचणाऱ्या विंड रिव्हर कंपनीच्या ग्रंथालयात निर्माण होत होते, आणि वारशाच्या हिशेबाला थोडा वेळ लागतो म्हणून तेथे ही खूण मुळात बंद होती. जे कुलूप आपल्या लिखाणात कोठे दिसतच नाही, त्याच्या अग्रक्रमाचा विचार कोण करणार? माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत विचारार्ह भाग हाच आहे. आपण स्वतः घातलेली कुलुपे मोजणे सोपे असते. विकत घेतलेल्या सोयींच्या आत जी कुलुपे दडलेली असतात, ती यादीत येत नाहीत, आणि वेळेचा हिशेब तेथे फसतो.

यानाच्या आज्ञावलीच्या पथकाचे प्रमुख ग्लेन रीव्हज यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस या शोधाची हकीकत लिहून ठेवली आहे. प्रणालीतील घडामोडींची, म्हणजे कोणते काम केव्हा जागे झाले, कोणी कोणते कुलूप मागितले, याची सविस्तर नोंद ठेवण्याची सोय आज्ञावलीत होती, आणि उड्डाणापूर्वी ती काढून न टाकता तशीच राहू दिलेली होती. ज्याची चाचणी घेतली तेच उडवावे आणि जे उडवावयाचे त्याचीच चाचणी घ्यावी, हा त्या पथकाचा दंडक होता. पृथ्वीवर यानाची प्रतिकृती होती. तिच्यावर नोंद चालू करून, मंगळावर घडले असेल तसेच काम त्यांनी तिच्याकडून करून घेतले, आणि १८ तासांच्या आत तो बिघाड त्यांच्या डोळ्यांसमोर घडला. नोंदीत `bc_dist` कुलपापाशी अडलेले आणि मधली कामे चालू असलेली स्पष्ट दिसली. त्यापुढे निदानाला विलंब लागला नाही.

दुरुस्तीच्या वेळी मात्र त्यांनी घाई केली नाही, आणि ते योग्यच झाले. `select()` च्या सर्व कुलपांची खूण एकाच सार्वत्रिक चलावरून ठरत असे. तो बदलला की यानावर ती सोय जेथे जेथे वापरली होती तेथे तेथे वारसा लागू होणार. त्याने एकंदर कारभार मंद तर होणार नाही ना, आणि दुसरीकडे कोठे नवे अडथळे तर उभे राहणार नाहीत ना, याचा विंड रिव्हरच्या माणसांशी विचारविनिमय करून आणि प्रतिकृतीवर पारखून मगच तो बदल पाठविण्यात आला. यानावर असलेली आज्ञावली आणि हवी असलेली आज्ञावली यांतील फक्त फरक तेवढा पाठवावयाचा, आणि यानावरील एका खास कार्यक्रमाने त्याची नीट शहानिशा करून तो आपल्या प्रतीत उतरवून घ्यावयाचा, अशी त्यांची पद्धत होती. एका दिशेने संदेश पोहोचावयासच सुमारे १० मिनिटे लागतात अशा ठिकाणी दुसरी कोणती पद्धत पत्करणे धोक्याचे झाले असते. दुरुस्तीनंतर तो बिघाड पुन्हा उद्भवला नाही.

पृथ्वीवरील चाचण्यांत हा दोष दिसला नव्हता का, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. तो दिसला होता. पण शोधू गेल्यावर पुन्हा घडेना, आणि त्या वेळी पथकाचे सारे लक्ष मंगळावर सुखरूप उतरण्याच्या आज्ञावलीवर होते, म्हणून तो मागे राहिला. रीव्हज यांनी हे मोकळेपणाने मान्य केले आहे. शिवाय मंगळावर परिस्थिती अपेक्षेपेक्षा अनुकूल निघाली: पृथ्वीकडे माहिती पाठविण्याचा वेग त्यांनी कल्पिलेल्या उत्तमांत उत्तम वेगाहूनही अधिक मिळाला, त्या प्रमाणात शास्त्रीय कामे वाढली, आणि मधल्या कामांची गर्दी दाटली. वाईटांत वाईट परिस्थितीचा विचार सर्वच करतात. येथे चाचणी अपुरी पडली ती कल्पनेपेक्षा चांगल्या परिस्थितीमुळे. चाचणीत असे निसटून जाणे हे विपर्ययाचे लक्षणच आहे. तीन कामे एका विशिष्ट क्रमाने, एका चिमुकल्या अवधीत एकमेकांत गुंतावी लागतात, त्यामुळे कामाचा भार हलका असता तो वर्षानुवर्षे लपून राहतो. आणि दिसतो तेव्हा कोठे वेळ चुकल्याचे, कोठे आपोआप पुनरारंभ झाल्याचे रूप घेऊन दिसतो, ज्यावरून यंत्रातच काही भौतिक बिघाड असावा असा समज होणे स्वाभाविक असते.

त्या वर्षीच्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथे रिअल टाइम यंत्रणांविषयी भरलेल्या परिषदेत विंड रिव्हरचे डेव्हिड विल्नर यांनी ही हकीकत सांगितली, आणि उपायाचे श्रेय कार्नेगी मेलनच्या त्या निबंधाला दिले. निबंधाचे तिन्ही लेखक सभागृहातच बसलेले होते. त्यांना उभे करण्यात आले, आणि सभेने टाळ्यांचा गजर केला. तेथे हजर असलेल्या मायकेल जोन्स यांनी लिहिलेल्या वृत्तान्तामुळे ही कथा जगभर पसरली. मात्र तीत, अभियंत्यांनी यानावरील सी भाषेच्या दुभाष्याला थेट आज्ञा देऊन खूण बदलली, असा तपशील आला, आणि तो अजूनही पुष्कळ पुस्तकांत आढळतो. रीव्हज यांनी तो खोडून काढला आहे. दुभाष्या यानावर होता, पण या कामी तो वापरला नाही. त्याचप्रमाणे व्याधीच्या पहिल्या निदानाचा मान त्या सभेत पिट्सबर्गच्या तिघांना दिला गेला. तो लॅम्पसन आणि रेडेल यांच्याकडे जावयास हवा. पिट्सबर्गकरांची कामगिरी विलंबाची मर्यादा सिद्ध करून दाखविण्याची आहे, आणि ती काही कमी थोर नाही.

ही मर्यादा कोणती, आणि वारसा कोठे अपुरा पडतो, हेही त्यांनीच दाखविले. एखाद्या वरच्या कामाला वाटेत चार कुलुपे लागत असतील, आणि दुर्दैवाने ती चारही चार निरनिराळ्या खालच्या कामांच्या हाती असतील, तर वारसा असूनही त्याला चार वेळा थांबावे लागते. आणि दोन कामांनी दोन कुलुपे उलट क्रमाने मागितली, तर दोघेही एकमेकांसाठी कायमचे खोळंबतात. तेथे अग्रक्रम वाढवून काहीच साधत नाही. यासाठी त्यांनी ‘कमाल अग्रक्रमा’ची दुसरी रीत मांडली, जीत प्रत्येक कुलपाची वरची पायरी आधीच ठरलेली असते, आणि ज्याचा अग्रक्रम इतरांनी धरलेल्या कुलपांच्या पायऱ्यांहून वरचा नाही त्याला नवे कुलूप मिळतच नाही. एका संस्कारकावर तिच्या योगे वरच्या कामाचा विलंब फार तर एका कुलपाच्या अवधीइतका राहतो, आणि परस्पर खोळंबाही टळतो. मात्र कोणते काम कोणते कुलूप वापरील हे आगाऊ माहीत असावे लागते, आणि जेथे कुलुपे दुसऱ्याच्या ग्रंथालयात दडलेली असतात तेथे हे ज्ञान मिळविणे किती कठीण, हे पाथफाइंडरच्याच उदाहरणावरून दिसून येते. साधा वारसा तेथे पुरला, याचे कारण कुलूप एकच होते आणि ते फार थोडा वेळ धरले जात होते.

पुढे २००६ साली लिनक्सच्या गाभ्यातही वारसा असलेली कुलुपे आली. पण त्यापूर्वीच, २००२ साली, व्हिक्टर योडाइकन यांनी वारशाविरुद्ध एक सडेतोड निबंध लिहून, या उपायाने यंत्रणा गुंतागुंतीची होते आणि कामांनी एकमेकांसाठी अडावे अशी रचनाच मुळात करू नये, असे प्रतिपादन केले होते. त्यांचा सगळाच पक्ष मला मान्य होत नाही, कारण तयार सोयी विकत घेतल्याशिवाय आज कोणाचेच काम चालत नाही, आणि त्या सोयींच्या आतली रचना आपल्या हाती नसते. तरीही त्यांच्या म्हणण्याला आधार पाथफाइंडरमध्येच सापडतो: ज्या ज्या कामांना `bc_dist` दुहेरी कप्प्यांतून माहिती देत होते, त्यांच्यापैकी एकापाशीही ते कुलपासाठी अडले नाही, अडले ते फक्त तेथे, जेथे ती रीत सोडून निरोपवाहिनी घातलेली होती.